‘जोड्या लावा’ : ऐतिहासिक घटना, त्यांचे परिणाम आणि उरलीसुरली जोडी

इतिहासाचा पेपर पहिल्यांदा काढायला घेतला की ‘जोड्या लावा’ हा प्रश्न सगळ्यात सोपा वाटतो. पाच घटना डावीकडे, पाच परिणाम उजवीकडे, उजवी बाजू वरखाली केली की झालं. मीही बरीच वर्षं असंच करत होतो. मग एकदा उत्तरपत्रिका वाटताना पाचपैकी पाच मिळवलेल्या एका मुलाला सहज विचारलं, “कुठली जोडी अवघड गेली?” तो प्रामाणिकपणे म्हणाला, “सर, मला तीनच येत होत्या. उरलेल्या दोन उरल्या म्हणून लावल्या.” त्याच्या प्रश्नपत्रिकेवर उजवीकडचे परिणाम पेन्सिलीने एकेक करून खोडलेले होते. शेवटी न खोडलेले दोन राहिले होते आणि त्यातला एक वाक्यरचनेमुळेच एका घटनेला चिकटत होता.

त्या मुलाने काही गैर केलं नव्हतं. प्रश्नच तसा होता. त्यामुळे पेपर काढायला नव्याने बसणाऱ्यांनी खोडाखोड करून उत्तर निघणार नाही अशा जोड्या कशा बांधायच्या, हे मी एकाच उदाहरणावर शेवटपर्यंत दाखवतो. उदाहरण आहे ब्रिटिश काळातले शेतकऱ्यांचे आणि आदिवासींचे उठाव व सत्याग्रह, आणि त्यानंतर सरकारने उचललेली पावलं.

आधी पाचास पाचचा हिशेब

पाच घटना आणि पाच परिणाम असतील आणि प्रत्येक परिणाम एकदाच वापरायचा असेल, तर चार जोड्या येणाऱ्याला पाचवी फुकट मिळते. तीन येणाऱ्यापुढे दोनच शक्यता उरतात : दोन्ही बरोबर किंवा दोन्ही चूक. म्हणजे नाणं उडवून दोन गुण.

याची दुसरी बाजू सहसा लक्षात येत नाही. अशा प्रश्नात कुणालाच पाचपैकी नेमके चार गुण मिळू शकत नाहीत. एक जोडी चुकली की तिने पळवलेला परिणाम ज्या घटनेचा होता, ती जोडीही चुकते. म्हणजे अभ्यास न केलेल्याला फुकट गुण आणि एकाच ठिकाणी गफलत झालेल्याला दुहेरी दंड, असा हा प्रकार आहे.

उपाय सगळ्यांना माहीत असतो : उजवीकडे जास्त पर्याय द्या. पाच घटनांना आठ परिणाम दिले, तर तीन जोड्या येणाऱ्यापुढे उरलेल्या दोन घटनांसाठी पाच परिणाम शिल्लक राहतात. नुसत्या अंदाजाने त्याला एका घटनेचं उत्तर सापडण्याची शक्यता निम्म्यावरून पाचात एकवर येते. पण हा आकडा तेव्हाच खरा, जेव्हा जास्तीचे तीन परिणामही तितकेच खरे वाटतात. तीन भरताडाचे परिणाम टाकले, तर मुलं ते आधी खोडतात आणि आपण पुन्हा पाचास पाचवर येतो. त्यामुळे सगळी मेहनत या जास्तीच्या तिघांवर घ्यायची असते.

पायरी पहिली : एकच नातं ठरवा

डावीकडे एक उठाव, एक करार, एक व्यक्ती आणि एक वर्तमानपत्र असं कडबोळं असेल, तर इतिहास न वाचताही जोड्या लागतात, कारण ‘संपादकाला अटक झाली’ हे वाक्य तहाला लागूच पडत नाही. डावीकडच्या सगळ्या गोष्टी एकाच जातीच्या हव्यात आणि उजवीकडच्याही.

आमच्या उदाहरणात ‘अ’ गटाचं शीर्षक आहे ‘उठाव किंवा सत्याग्रह’ आणि ‘ब’ गटाचं ‘त्यानंतर, लगेच किंवा काही वर्षांनी, सरकारी पातळीवर झालेली कृती’. नुसतं ‘परिणाम’ लिहिणं मी टाळतो. 1873 साली पाबना भागातल्या कुळांनी जमीनदारांविरुद्ध चळवळ उभारली आणि कुळांना संरक्षण देणारा बंगालचा कायदा 1885 साली झाला. मधली 12 वर्षं रिकामी नव्हती, त्यामुळे एका चळवळीचा हा थेट परिणाम का, यावर वाद घालता येतो. मुंडांचा उठाव 1899–1900 चा आणि छोटा नागपूर कुळकायदा 1908 चा, तिथेही तेच. शीर्षकातच नातं नेमकं सांगितलं की हा वाद परीक्षेच्या हॉलमध्ये येत नाही.

पायरी दुसरी : प्रत्येक घटनेचं जुळं भावंड शोधा

माझ्या मते सगळी गोम इथे आहे. प्रत्येक घटनेसाठी स्वतःला विचारायचं : अर्धवट अभ्यास केलेला मुलगा हिची गल्लत कशाशी करेल? जे उत्तर येईल ते तिचं जुळं. उरलेले परिणाम बनवून लिहायचे नाहीत, ते या जुळ्यांकडून घ्यायचे.

बंगालमधला 1859–60 चा निळीचा उठाव आणि 1917 चा चंपारण सत्याग्रह हे पहिलं जुळं. दोन्हीकडे नीळ, दोन्हीकडे युरोपीय मळेवाले, दोन्हीकडे पेऱ्याची सक्ती. पण बंगालमध्ये 1860 साली नेमलेल्या निळीच्या आयोगाने रयतेला चालू करार पुरे करायला सांगितलं आणि पुढे पेरा नाकारण्याची मुभा असल्याचं स्पष्ट केलं. चंपारणमध्ये ज्या समितीवर गांधीजी स्वतः सभासद होते, तिच्या शिफारशींनंतर 1918 च्या कायद्याने जमिनीच्या ठरावीक भागात नीळ पेरायला लावणारी तीनकठिया पद्धतच रद्द झाली.

दुसरं जुळं म्हणजे 1875 चे दख्खनचे दंगे आणि पाबनाची चळवळ. काळ जवळजवळ तोच, दोन्हीकडे शेतकरी. एकीकडे राग सावकारांवर आणि त्यांच्या कर्जखतांवर होता, दुसरीकडे जमीनदारांच्या वाढत्या खंडावर. दंग्यांनंतर 1879 चा दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला आणि कर्जापायी शेतकऱ्याला कैद करणं थांबलं. बंगालच्या 1885 च्या कायद्याने 12 वर्षं गावात जमीन कसणाऱ्या कुळाला वहिवाटीचा हक्क दिला.

तिसरं जुळं संथाळांचा 1855–56 चा उठाव आणि बिरसा मुंडांचं उलगुलान. चौथं 1918 चा खेडा आणि 1928 चा बारडोली सत्याग्रह. दोन्ही गुजरातमधले, दोन्ही साऱ्यावरून, दोन्हींत वल्लभभाई पटेल. या चौथ्या जुळ्यात मुलं सर्रास गोंधळतात, आणि गोंधळतात म्हणूनच ते विचारण्यासारखं आहे. खेड्यात पीक बुडालं असताना सारा तहकूब करण्याची मागणी होती, बारडोलीत सारावाढीलाच विरोध होता. एवढा फरक ज्याला कळला, त्याला ही जोडी येते.

आता आठ घटना हातात आहेत. त्यातल्या पाच ‘अ’ गटात घ्यायच्या. निळीचं जुळं पूर्ण घेतलं आणि बाकीच्या तीन जुळ्यांमधून एकेक : दख्खनचे दंगे, मुंडा उलगुलान, बारडोली. पाबना, संथाळ आणि खेडा यांना प्रश्नात जागा नाही, पण त्यांचे परिणाम ‘ब’ गटात राहतात. जास्तीचा प्रत्येक परिणाम असा खरा असतो, इतिहासातलाच असतो, फक्त विचारलेल्या घटनेचा नसतो.

पायरी तिसरी : वाक्यं लिहा, मग त्यांची गळती बुजवा

पहिल्या कच्च्या मसुद्यात माझी वाक्यं अशी होती : ‘दख्खन शेतकरी साहाय्य कायदा झाला’, ‘संथाळ परगणा हा वेगळा जिल्हा झाला’, ‘तीनकठिया पद्धत रद्द झाली’, ‘चौकशी आयोग नेमला गेला’. पहिली दोन तर स्वतःच ओरडून सांगतात. डावीकडे ‘दख्खनचे दंगे’ आणि उजवीकडे ‘दख्खन’, मग वाचायचं काय? तिसऱ्यात शब्दांची पुनरुक्ती नाही, पण ‘तीनकठिया’ हा शब्द सगळ्या पाठ्यपुस्तकांत चंपारणलाच बांधलेला आहे. ज्याला त्याचा अर्थही सांगता येणार नाही, तोही जोडी लावतो.

म्हणून कायद्याचं नाव काढून त्याने काय केलं ते लिहायचं. विशेषनाम, साल आणि पाठ झालेला पारिभाषिक शब्द ‘ब’ गटातून बाहेर. निळीचा उल्लेखही उजवीकडे नको. दोन्ही भावंडांसाठी पेरा आणि करार एवढ्याच शब्दांवर भागवायचं.

मराठीत गळतीची आणखी एक जागा असते : लिंग आणि वचन. ‘अ’ गटातल्या नावापुढे परिणाम जोडून एकच वाक्य पूर्ण होईल अशी रचना केली, तर ‘…सुरू झाल्यावर तो मागे घेतला गेला’ हे सत्याग्रहाला जमतं, दंग्यांना जमत नाही, चळवळीला तर नाहीच. व्याकरणच उत्तर सांगून मोकळं होतं. यावर सोपा तोडगा म्हणजे ‘ब’ गटातलं प्रत्येक वाक्य स्वतंत्र आणि पूर्ण ठेवायचं, ‘अ’ गटाकडे बोट दाखवणारं एकही सर्वनाम त्यात येऊ द्यायचं नाही. लांबीही साधारण सारखी असू द्या. बरोबर उत्तर जास्त काळजीने लिहिलं जातं म्हणून ते लांबतं, आणि मुलांना हे आपल्याआधी कळलेलं असतं.

दुरुस्तीनंतरचा प्रश्न असा झाला :

‘अ’ गट
अ. बंगालमधील निळीचा उठाव
ब. चंपारण सत्याग्रह
क. दख्खनचे दंगे
ड. मुंडा उलगुलान
इ. बारडोली सत्याग्रह

‘ब’ गट
1. कर्ज थकल्याबद्दल शेतकऱ्याला कैद करण्यावर कायद्याने बंदी आली.
2. चालू करार पुरा करावा, पण पुढे पेरा नाकारता येईल, असे आयोगाने सांगितले.
3. जंगल तोडून शेती वसवणाऱ्या मूळ कुळांचे हक्क कायद्यात नोंदले गेले.
4. जमातीच्या वस्तीचा मुलूख सर्वसाधारण कायद्यांतून वगळून वेगळा केला.
5. ज्यांची ऐपत आहे त्यांच्याकडूनच सारा वसूल करण्याचे आदेश निघाले.
6. बारा वर्षे गावात जमीन कसणाऱ्या कुळाला वहिवाटीचा हक्क मिळाला.
7. मळेवाल्यांनी लादलेली पेऱ्याची सक्ती कायद्यानेच रद्द झाली.
8. साऱ्यातली वाढ चौकशीनंतर 22 वरून सुमारे 6 टक्क्यांवर आली.

उत्तरसूची : अ-2, ब-7, क-1, ड-3, इ-8.

‘ब’ गट अकारविल्हे लावला आहे. हातानेच वरखाली करायला गेलं की आपल्याही नकळत नमुना तयार होतो, पहिल्या घटनेचं उत्तर पहिल्या ओळीत कधीच ठेवलं जात नाही. अकारविल्हे लावला की तो प्रश्न मिटतो. सूचनेत मात्र स्पष्ट लिहा : ‘ब’ गटातील तीन विधाने जास्तीची आहेत, कोणतेही विधान एकदाच वापरावे. हे न लिहिता मुलांना गोंधळात टाकणं म्हणजे इतिहास नाही, सूचना वाचण्याची परीक्षा घेणं आहे. आणि दोन्ही गट एकाच पानावर बसवा. पान उलटत जोड्या लावताना येत असलेल्याही चुकतात.

पायरी चौथी : चाळीस चौकटी तपासा

कागदावर पाच ओळी आणि आठ रकाने आखा. चाळीस चौकटी होतात. प्रत्येक चौकटीत एकच प्रश्न : ही जोडी कुणी खरी ठरवू शकेल का? पाच चौकटींत ‘हो’ यायला हवं, उरलेल्या पस्तीसांत ठाम ‘नाही’.

हे कंटाळवाणं काम आहे आणि बहुतेक जण टाळतात. मसुद्यातलं ‘चौकशी आयोग नेमला गेला’ हे वाक्य इथेच पडलं. ते मी निळीच्या उठावासाठी लिहिलं होतं. पण दख्खनच्या दंग्यांनंतरही आयोग नेमला होता, चंपारणमध्ये समिती होती आणि बारडोलीत ब्रूमफील्ड व मॅक्सवेल या अधिकाऱ्यांनी चौकशी केली होती. एका वाक्याची चार उत्तरं. असा प्रश्न छापला गेला असता, तर जास्त वाचलेल्या मुलालाच गुण गमवावा लागला असता.

जुळी भावंडं घेतली की हा धोका वाढतो, हे कबूल करायला हवं. भावंडं जितकी सारखी, तितका एकाचा परिणाम दुसऱ्यालाही लागू पडण्याचा संभव जास्त. म्हणून 2 आणि 7 मधला फरक ‘आयोगाने सांगितले’ आणि ‘कायद्यानेच रद्द’ या शब्दांवर उभा केला आहे. फरक करणारं तथ्य विधानात दिसलंच पाहिजे, ते शिक्षकाच्या मनात राहून उपयोग नाही.

पायरी पाचवी : विषय न शिकवणाऱ्याला सोडवायला द्या

मी हा कच्चा मसुदा आमच्या गणिताच्या मॅडमना दिला होता. त्यांना पाचपैकी तीन बरोबर आले. आठ पर्यायांत निव्वळ अंदाजाने सरासरी एकही जोडी पुरती लागत नाही, पाच भागिले आठ एवढीच. तीन म्हणजे गळती नक्की. “कशावरून लावलंत?” असं विचारल्यावर त्यांनी एकेका शब्दावर बोट ठेवलं : ‘दख्खन’ दोन्हीकडे, ‘तीनकठिया’ शाळेत असताना पाठ केलेलं, आणि आयोगाचं वाक्य सगळ्यांत गुळमुळीत म्हणून उरलेल्याला. मला अर्ध्या तासातही सुचल्या नसत्या एवढ्या दुरुस्त्या त्यांनी चहा संपेपर्यंत सांगितल्या. सुधारलेला प्रश्न मग दुसऱ्या एकांना दिला, कारण मॅडमना आता उत्तरं ठाऊक होती. त्यांना एक जोडी जमली.

पर्यायी उत्तरं देऊन विचारायचं असेल तर

स्पर्धा परीक्षांच्या धर्तीवर चार जोड्या देऊन खाली ‘अ-1, ब-3…’ असे चार संच दिले जातात. इथे जास्तीचे परिणाम टाकायला जागाच नसते आणि खोडाखोड सगळ्यात जोरात चालते. समजा चार घटना आहेत : अ. निळीचा उठाव, ब. चंपारण, क. खेडा, ड. बारडोली. परिणाम वरचेच, वरच्याच क्रमाने : 1. चालू करार, 2. ऐपत असलेल्यांकडून सारा, 3. सक्ती कायद्याने रद्द, 4. वाढ सुमारे 6 टक्क्यांवर. बरोबर संच अ-1, ब-3, क-2, ड-4. नवखा माणूस बाकीचे संच ‘पुरते वेगळे’ करायला जातो :

(1) अ-2, ब-1, क-4, ड-3
(2) अ-1, ब-3, क-2, ड-4
(3) अ-3, ब-4, क-1, ड-2
(4) अ-4, ब-2, क-3, ड-1

दिसायला चोख. पण यात प्रत्येक जोडी एकदाच आली आहे. ज्याला फक्त बारडोलीचं उत्तर माहीत आहे, तो ‘ड-4’ शोधतो, ते एकाच संचात सापडतं आणि चारही जोड्यांचा गुण त्याचा.

दुसरी चूक याच्या उलट : बरोबर संच घेऊन त्यातल्या थोड्या थोड्या जागा बदलत जायचं. मग बरोबर जोड्या सगळ्यात जास्त वेळा दिसतात, आणि प्रत्येक रकान्यात जास्तीत जास्त वेळा आलेला आकडा निवडला की उत्तर तयार. चतुर मुलं हे करतात.

यातून वाट काढायला पुन्हा जुळीच कामाला येतात. अ आणि ब हे एक जुळं, क आणि ड हे दुसरं. प्रत्येक जुळ्यात उत्तरं सरळ ठेवायची किंवा आपसांत बदलायची, एवढंच :

(1) अ-3, ब-1, क-2, ड-4
(2) अ-1, ब-3, क-4, ड-2
(3) अ-1, ब-3, क-2, ड-4
(4) अ-3, ब-1, क-4, ड-2

आता प्रत्येक जोडी बरोबर दोनदा येते, त्यामुळे मोजून काही कळत नाही. बारडोली येणाऱ्याचे संच चारावरून दोनवर येतात आणि तिथेच तो अडकतो. त्याला निळीचा उठाव आणि चंपारण यांतला फरक माहीत असावाच लागतो. या रचनेची मर्यादा उघड आहे : खेडा-बारडोलीचे परिणाम साऱ्याचे आहेत आणि निळीचे पेऱ्याचे, हे आपण संचांमधूनच सांगून टाकलं. म्हणजे चार जोड्या दिसत असल्या, तरी प्रत्यक्षात दोनच गोष्टी तपासल्या जातात. त्यामुळे ज्या दोन गोष्टी तपासायच्या आहेत, त्याच जुळ्यांत टाकायच्या. मुलांना मुळीच न अडवणारी जुळी घेतली, तर संच कितीही नीट मांडले तरी पाणी मुरतंच.

उत्तरपत्रिका हातात आल्यावर

एकूण गुण लिहून मोकळं होऊ नका. एका कागदावर तीच पाच ओळी आणि आठ रकान्यांची चौकट आखा आणि प्रत्येक मुलाने काय लावलं त्याची खूण करत जा. चाळीसएक उत्तरपत्रिकांचं काम तासाभरात होतं. मग ओळीने वाचा. बारडोलीच्या ओळीत 8 खालोखाल 5 वर खुणा असतील, तर मुलं खेडा आणि बारडोली यांत अडखळत आहेत. ते पुढच्या तासाला फळ्यावर घ्यायचं. खुणा सगळ्या रकान्यांत विखुरल्या असतील, तर त्यांना तो भागच आलेला नाही. आणि पहिला नंबर काढणाऱ्या मुलांच्याच खुणा चुकीच्या रकान्यात जास्त असतील, तर आधी आपली उत्तरसूची आणि ते विधान पुन्हा वाचा. बहुतेक वेळा चूक तिथेच निघते.

एखाद्या रकान्यात एकही खूण नसेल, तर ते जास्तीचं विधान मेलेलं आहे. आमच्या पहिल्या परीक्षेत 4 क्रमांकाचं तसं झालं, मुंडांच्या ओळीतही कुणी त्याला हात लावला नाही. संथाळांचा उठाव त्या वर्षी वर्गात नुसता उल्लेखून पुढे गेलो होतो, त्यामुळे गल्लत करायलाही तो कुणाच्या डोक्यात नव्हता. पुढच्या वेळी तिथे 1831–32 च्या कोल उठावाचा परिणाम टाकणार होतो, पण तोही मी तितकाच घाईत शिकवलेला होता. शेवटी 4 तसंच ठेवलं आणि संथाळांच्या उठावाला एक पूर्ण तास दिला.